तापाची वही : अखंड, चढउताराचा आणि खंडित ताप डॉक्टर कसा वाचतात

"ताप किती आहे?" असे विचारले की घरचे लोक लगेच आकडा सांगतात. "कधी येतो, कधी उतरतो, आणि उतरल्यावर पूर्ण उतरतो का?" या प्रश्नावर मात्र बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. डॉक्टरला खरी मदत होते ती या दुसऱ्या उत्तराची. एकदा मोजलेला 102 तापाविषयी फार कमी सांगतो. दर चार तासांनी लिहिलेले चार दिवसांचे आकडे मात्र आधी कोणती तपासणी करायची ते सुचवू शकतात.

दवाखान्यात खाटेच्या पायथ्याशी लटकणारा तापाचा तक्ता याच कामासाठी असतो. जर्मनीत लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख यांनी हजारो रुग्णांचे ताप नियमित मोजून 1868 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. तापाची रेघ कागदावर काढून वाचण्याची पद्धत त्यानंतर रुळली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी खिशात मावणारा आखूड थर्मामीटर आणला. त्याआधीचे थर्मामीटर लांबलचक असत आणि आकडा स्थिर व्हायला खूप वेळ घेत.

आधी रोजचा साधा चढउतार

निरोगी माणसाचे तापमानही दिवसभर एकसारखे नसते. पहाटे ते सर्वांत कमी असते आणि दुपारी चार ते सहाच्या सुमारास सर्वांत जास्त. या दोहोंत साधारण अर्धा अंश सेल्सियस, म्हणजे जवळपास एक अंश फॅरनहाइटचा फरक पडतो. म्हणून 98.6 हा एकच आकडा धरून बसण्यात अर्थ नाही. तोंडात मोजल्यावर सकाळी 98.9 च्या वर किंवा संध्याकाळी 99.9 च्या वर गेला, तर त्याला ताप म्हणायचे असे आजची वैद्यकीय पाठ्यपुस्तके मानतात. संध्याकाळी 99.4 आला म्हणून "अंगात कसर आहे" असे ठरवून घाबरण्याचे कारण नाही.

काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो. कपाळावर धरायच्या मशीनचा आकडा घाम, पंखा आणि ऊन यांमुळे इकडेतिकडे होतो. त्यामुळे सकाळी काखेत, दुपारी कपाळावर आणि रात्री तोंडात असे मोजले, तर वहीत दिसणारा चढउतार तापाचा की मोजण्याच्या जागेचा हे कळत नाही. एकच थर्मामीटर आणि एकच जागा शेवटपर्यंत ठेवावी. तोंडात मोजायचे असेल तर चहा किंवा थंड पाणी घेतल्यानंतर निदान अर्धा तास थांबावे.

तीन रेघा

अखंड ताप. डॉक्टर याला कंटिन्युअस म्हणतात. यात ताप दिवसरात्र असतो, कधीच पूर्ण उतरत नाही, आणि चोवीस तासांतला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा यांत एक अंश सेल्सियसपेक्षा, म्हणजे सुमारे दोन अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त फरक नसतो. उदाहरणार्थ सकाळी 102.2, दुपारी 103, रात्री 103.4, पहाटे 102.4. कागदावर ही रेघ पठारासारखी दिसते.

चढउताराचा ताप. याला रेमिटंट म्हणतात. यातही ताप पूर्ण उतरत नाही, पण दिवसातला फरक दोन अंश फॅरनहाइटपेक्षा मोठा असतो. सकाळी 100.2, संध्याकाळी 103.4, पुन्हा सकाळी 100.4. रेघ करवतीच्या दातांसारखी दिसते, पण दातांची टोके जमिनीला टेकत नाहीत.

खंडित ताप. हा इंटरमिटंट. ताप दिवसातले काही तासच असतो आणि मध्ये पूर्ण उतरून नेहमीच्या आकड्यावर येतो. तो रोज येऊ शकतो, एक दिवसाआड येऊ शकतो किंवा दोन दिवस सोडून येऊ शकतो.

आता आजारांकडे. अखंड ताप दिसला की डॉक्टरच्या मनात टायफॉइड, एका बाजूच्या फुफ्फुसाचा न्यूमोनिया आणि गोचिडीच्या पिल्लासारख्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस येतो. खंडित तापात मलेरिया आणि शरीरात कुठेतरी साठलेला पू यांचा विचार आधी होतो. रोज संध्याकाळी थोडा ताप, रात्री घाम आणि उतरणारे वजन असेल, तर क्षयाची तपासणी सांगितली जाते.

चढउताराचा ताप सर्वांत कमी बोलतो. व्हायरल तापापासून हृदयाच्या झडपांच्या संसर्गापर्यंत बरेच आजार अशी रेघ काढतात. म्हणून ती दिसली की डॉक्टर बाकीच्या खुणांकडे वळतात. झडप आधीपासून खराब आहे का? छातीत नवा आवाज ऐकू येतो का? तसा संशय असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताची कल्चर तपासणी एकापेक्षा जास्त वेळा घेतात, कारण औषध एकदा पोटात गेले की जंतू सापडणे अवघड होते.

मलेरिया दिवस का मोजतो

खंडित तापाचे कारण सर्वांत स्पष्ट कळले आहे ते मलेरियात. मलेरियाचा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी एकाच वेळी मोठ्या संख्येने फुटल्या की त्यांतला कचरा रक्तात पसरतो आणि हुडहुडी भरून ताप चढतो. वायव्हॅक्स जातीच्या परजीवीला हे चक्र पूर्ण करायला सुमारे 48 तास लागतात, मलेरी जातीला 72 तास. म्हणून पहिल्याचा ताप एक दिवसाआड येतो, ज्याला जुनी माणसे एकांतरा म्हणत, आणि दुसऱ्याचा दोन दिवस सोडून. पेशी फुटण्याची वेळ आणि ताप चढण्याची वेळ जुळते, हे इटलीच्या कामिलो गोल्जी यांनी 1885-86 च्या सुमारास दाखवले. हा परजीवी डासाच्या पोटात वाढतो हे रोनाल्ड रॉस यांनी 20 ऑगस्ट 1897 रोजी पाहिले, ते हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबादेत.

मलेरियाच्या एका फेरीचे तीन टप्पे असतात. आधी थंडी वाजते, दातांवर दात आपटतात आणि गोधड्या पुरत नाहीत. हा टप्पा बहुधा तासाभरात संपतो. मग काही तास अंग भाजते. शेवटी भरपूर घाम येऊन ताप उतरतो, आणि माणूस थकून झोपतो. दुसऱ्या दिवशी तोच माणूस कामावर जाण्याच्या गोष्टी करू लागतो. घोटाळा होतो तो इथेच.

एक वही वाचून बघू

हे उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे. चंदगड भागातला बत्तीस वर्षांचा एक तरुण पावसाळ्यात बाहेरगावी बांधकामावर महिनाभर राहून घरी आला. सहाव्या दिवशी मोठा भाऊ त्याला बेळगावला घेऊन गेला. दवाखान्यात थर्मामीटर लावला तर आकडा 98.4.

"रोज संध्याकाळी ताप येतो बघा डॉक्टर, गोळी दिली की जातो," भाऊ म्हणाला. एवढ्यावर भागले असते तर चार गोळ्या घेऊन दोघे परत आले असते. पण सोबत आलेल्या बहिणीकडे शाळेच्या वहीचे एक पान होते.

पहिला दिवस : दुपारी 101.6, रात्री 100.8.
दुसरा दिवस : दुपारी 102, रात्री 100.2.
तिसरा दिवस : सकाळी सहाला 98.2, दहाला 98.6, दुपारी एकला हुडहुडी, दोनला 103.8, सहाला 102.2, रात्री दहाला 99, कपडे घामाने भिजले.
चौथा दिवस : दिवसभर 98 ते 98.9.
पाचवा दिवस : दुपारी दीडला हुडहुडी, दोनला 103.4, सहाला 101.8, रात्री 98.8.
सहावा दिवस : सकाळी 98.2.

पानाच्या कडेला गोळीच्या वेळा लिहिल्या होत्या : तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला एक, पाचव्या दिवशी अडीचला एक. चौथ्या दिवशी एकही नाही.

डॉक्टर हे पान कसे वाचतात? पहिल्या दोन दिवसांत ताप रोज आहे आणि त्याला शिस्त नाही. वायव्हॅक्सच्या सुरुवातीला असे होते, कारण परजीवींच्या तुकड्या अजून एका ठेक्यात आलेल्या नसतात. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशीची हुडहुडी जवळपास त्याच वेळी आहे, म्हणजे मध्ये 48 तास. चौथ्या दिवशी गोळी न घेताही ताप आला नाही. त्यामुळे हा खंड गोळीने पाडलेला नाही, तो आजाराचाच आहे. सहावा दिवस हा सुट्टीचा दिवस आहे आणि दवाखान्यातला 98.4 हा आकडा फसवा आहे. सातव्या दिवशी दुपारी पुन्हा हुडहुडी भरण्याची शक्यता मोठी.

मात्र डॉक्टर त्या दुपारची वाट बघत बसत नाहीत. ताप नसतानाही रक्तात परजीवी सापडू शकतो, म्हणून बोटातून रक्त घेऊन काचेवर जाड आणि पातळ असे दोन थर त्याच वेळी केले जातात. पहिली काच निगेटिव्ह आली आणि संशय कायम असेल तर पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा काच घेतात. वायव्हॅक्स निघाला तर ताप उतरवणाऱ्या औषधाशिवाय प्राइमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्सही लागतो, कारण हा परजीवी यकृतात लपून राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. गरोदर बाईला आणि जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असलेल्यांना हे औषध चालत नाही. ते डॉक्टरच्या सांगण्याशिवाय घेऊ नये, आणि बरे वाटले म्हणून अर्ध्यात सोडूही नये.

आता याची उलट बाजू. "एक दिवसाआड येत नाही, म्हणजे मलेरिया नाही" असा निष्कर्ष कुणी काढू नये. मलेरियाची सर्वांत घातक जात फाल्सिपेरम ही बहुतेकदा वेळापत्रक पाळत नाही. तिचा ताप रोज येऊ शकतो, चढउताराचा असू शकतो, अखंडही असू शकतो. इंग्रजी अमदानीतल्या हिंदुस्थानातल्या दवाखान्यांत ज्याची नोंद "रेमिटंट फीवर" अशी होई, त्यातला बराचसा ताप मलेरियाचाच असे. रेघ जुळली तर संशय वाढतो, पण ती जुळली नाही म्हणून संशय मिटत नाही.

गोळीने पुसलेली रेघ

आज बहुतेक तक्ते वाचता येत नाहीत त्याचे मोठे कारण पॅरासिटामॉल. ही गोळी तासाभरात काम सुरू करते आणि तिचा असर चार ते सहा तास टिकतो. टायफॉइडच्या अखंड तापात सकाळ, दुपार, रात्र अशी गोळी दिली आणि थर्मामीटर गोळीनंतर दोन तासांनी लावला, तर वहीत 100, 99.6, 100.2 असे आकडे उतरतात. आजार 103 चा आणि वही 100 ची. थर्मामीटर कधी गोळीआधी, कधी नंतर लावला तर पठाराची करवत होते. अखंड ताप चढउताराचा दिसतो, चढउताराचा खंडित दिसतो.

उपाय सोपा आहे. आकडा गोळीच्या आधी घ्यावा, आणि गोळीची वेळ त्याच ओळीत लिहावी. किराणा दुकानाच्या वहीत जमेसमोर तारीख नसेल तर हिशेब लागत नाही, तसेच हे. घड्याळ लावून गोळी द्यायची की ताप चढल्यावरच, हे डॉक्टरला विचारावे. लहान मूल, गरोदर बाई आणि हृदयरोगी यांची गोळी केवळ तक्ता नीट यावा म्हणून घरच्या घरी रोखू नये. कुठे इंजेक्शन घेतले असेल तर तेही लिहावे. त्यात स्टिरॉइड असेल तर ताप एक-दोन दिवस दबतो, आजार मात्र चालूच राहतो. फार वृद्ध माणसांना गंभीर संसर्गातही ताप थोडाच येतो किंवा येतच नाही, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी ओळ नाडीची

तापाच्या खाली नाडीची ओळ असली तर तक्त्याची किंमत दुप्पट होते. सर्वसाधारणपणे ताप एक अंश फॅरनहाइट वाढला की नाडी मिनिटाला सुमारे 10 ठोक्यांनी वाढते. टायफॉइडमध्ये ताप 103 असूनही नाडी 84-90 च्या आसपास राहू शकते. ही खूण प्रत्येक रुग्णात दिसत नाही, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही नाडी मंदावते, म्हणून चालू औषधांची यादी वहीत हवी.

टायफॉइडची जुनी रेघ अशी : पहिल्या आठवड्यात जिन्याच्या पायऱ्यांसारखा रोज संध्याकाळी थोडा वर चढणारा ताप, दुसऱ्या आठवड्यात 103-104 चे पठार, आणि मग हळूहळू उतार. म्हणूनच त्याला मुदतीचा ताप म्हणत. आज अँटिबायोटिक लवकर सुरू होत असल्याने पूर्ण जिना क्वचितच दिसतो. पायऱ्या चढताना दिसत असतील तेव्हाच, औषधाआधी, रक्ताची कल्चर घेणे सर्वांत उपयोगी. एकाच विडाल तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही.

तक्त्यातली सर्वांत धोक्याची आकृती चढणाऱ्या तापाची नसते. टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ताप एकदम खाली येतो आणि त्याच वेळी नाडी भराभर वर जाते. दोन रेघा एकमेकींना छेदतात. घरचे म्हणतात "ताप गेला एकदाचा", आणि आतड्यातून रक्तस्राव होत असतो किंवा आतड्याला छिद्र पडलेले असते. डेंग्यूतही असाच धोका आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि नेमक्या त्याच एक-दोन दिवसांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रुग्ण कोसळू शकतो. ताप उतरल्यावर रुग्णाला भूक लागली, तो उठून बसला, लघवी नीट झाली, तर तो उतार चांगला. ताप उतरला पण पोट दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले, नाडी पळू लागली, तर त्याच तासाला दवाखाना गाठावा.

नावांचा घोळ, राज्य बदलले की

सीमाभागातल्या आणि बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात सरकारी कागदांवर विषमज्वर म्हणजे टायफॉइड. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या हिंदीत मात्र विषम ज्वर हा शब्द मलेरियासाठी वापरलेला आढळतो, आणि टायफॉइडला मियादी बुखार किंवा मोतीझरा म्हणतात. कन्नडमध्ये चळिज्वर म्हणजे थंडीताप. आयुर्वेदात विषमज्वर हे येऊन-जाऊन येणाऱ्या तापांचे कुळ आहे. एक दिवसाआडचा तो तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा तो चतुर्थक. त्यामुळे "मागच्या वर्षी विषमज्वर झाला होता" हे वाक्य राज्याची हद्द ओलांडली की दुसराच आजार सांगू शकते. आकड्यांचे भाषांतर करावे लागत नाही.

करावे लागते ते फक्त मापाचे. घरचा थर्मामीटर फॅरनहाइटचा आणि मोठ्या इस्पितळातला तक्ता सेल्सियसचा असू शकतो. सेल्सियसला 1.8 ने गुणून 32 मिळवले की फॅरनहाइट येते. 38 म्हणजे 100.4, 39 म्हणजे 102.2, 40 म्हणजे 104. सिंधुदुर्गातून बांबोळीला किंवा चंदगडहून बेळगावला रुग्ण नेताना वहीचे मूळ पान सोबत न्यावे. त्यावर तारीख, वेळ, आकडा, मोजण्याची जागा, नाडी, गोळीची वेळ, आणि थंडी किंवा घाम आला असल्यास ती नोंद, एवढे पुरे. दर चार तासांनी जमले तर उत्तम. नाहीतर सकाळी सहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा या चार वेळा धराव्यात, आणि हुडहुडी भरली की वेळ नसली तरी मोजावे.

वही पूर्ण करण्यासाठी कुणी घरी थांबू नये. शुद्ध हरपणे, झटका येणे, मान ताठणे, धाप लागणे, डोळे पिवळे होणे, कुठूनही रक्त येणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले, तर तक्ता अर्धा असला तरी निघावे. तीन महिन्यांच्या आतले बाळ आणि गरोदर बाई यांना ताप आला तर त्याच दिवशी दाखवावे. डॉक्टरही रेघ पूर्ण होण्याची वाट बघत नाहीत. ते पहिल्याच दिवशी रक्त घेतात आणि पुढची रेघ पाहून आपला अंदाज तपासत राहतात.